कव्हर लेटर जाहिरातीशी ताडून पाहण्याचा खरा खर्च

नोकरीच्या अर्जासोबत जोडायचं कव्हर लेटर ‘तपासून’ देणाऱ्यांच्या दरांना काही धरबंध नाही. नाक्यावरच्या सायबर कॅफेत पत्र टाइप करून, छापून मिळतं ते चहा-नाश्त्याच्या पैशांत. रेझ्युमे लिहून देणाऱ्या सेवा काही शे रुपयांपासून सुरू होतात आणि अनुभवाची वर्षं वाढतील तशा काही हजारांवर जातात. काही संकेतस्थळं पहिली तपासणी फुकट करून ‘तुमचं पत्र इतके टक्के जुळतं’ असं सांगतात आणि पुढच्या तपासण्यांसाठी महिन्याची वर्गणी मागतात. या सगळ्यातून ग्राहकाला हवी असते ती एकच वस्तू: जाहिरातीत मागितलेल्या कौशल्यांपैकी माझ्या पत्रात कोणती दिसतात आणि कोणती दिसत नाहीत, याची खरी यादी. ती घरी बसून कागद-पेनाने तासाभरात होते. पैसे द्यायचेच असतील तर कशाचे द्यायचे, हेही ती एकदा स्वतः केल्यावरच कळतं.

सरकारी भरती यातून बाजूला ठेवतो. तिथे पात्रता नियमांनी ठरलेली असते. एमएस-सीआयटी किंवा टायपिंगचं प्रमाणपत्र मागितलं असेल तर ते ठरलेल्या तारखेपर्यंत हातात असावं लागतं, पत्रातल्या वाक्याने भागत नाही. पुढचं सगळं खासगी नोकरीबद्दल आहे.

एक नमुना घेऊ. भोसरीच्या एमआयडीसीत सुटे भाग बनवणाऱ्या एखाद्या लहान कारखान्याला अकाउंट्स असिस्टंट हवा आहे. अशा जाहिराती बहुधा इंग्रजीत असतात, पण मजकूर साधारण असा: बी.कॉम., अकाउंट्सच्या कामाचा किमान दोन वर्षांचा अनुभव, टॅलीप्राइम व जीएसटी रिटर्न (जीएसटीआर-१ आणि ३बी), टीडीएसचं काम, बँक रिकन्सिलिएशन, एक्सेल (VLOOKUP, पिव्होट टेबल), पुरवठादारांशी इंग्रजी ईमेलवर पाठपुरावा. उत्पादन क्षेत्राचा अनुभव असल्यास प्राधान्य.

पहिलं काम जाहिरात फोडण्याचं. लोक इथेच घाई करतात. ‘टॅलीप्राइम व जीएसटी रिटर्न’ ही एक मागणी नाही. जीएसटीआर-१ आणि ३बी हीसुद्धा दोन वेगळी कामं आहेत. जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीच्या बिलांचा तपशील, दरमहा भरणाऱ्याला पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत द्यायचा. ३बी म्हणजे महिन्याचा गोषवारा, ज्यात खरेदीवरच्या कराची वजावट धरून उरलेला कर भरायचा. त्याची नेहमीची तारीख २०. एक येणाऱ्याला दुसरं येतंच असं नाही, म्हणून कागदावर दोन ओळी. उलट जाहिरातीत ‘टॅली किंवा सॅप’ असतं, तर ती एकच ओळ झाली असती आणि दोहोंपैकी एक येणं पुरे होतं. ‘व’ आणि ‘किंवा’ यांच्याकडे नीट पाहायला पैसे पडत नाहीत, पण दुर्लक्ष केलं तर यादीच चुकते. ‘प्राधान्य’ म्हणून लिहिलेली ओळ खाली, वेगळी लिहायची. ती नसणं म्हणजे कमतरता नव्हे.

अशा नऊ ओळी होतात: पदवी, अनुभवाची वर्षं, टॅलीप्राइम, जीएसटीआर-१, ३बी, टीडीएस, बँक रिकन्सिलिएशन, एक्सेल आणि ईमेलवरचा पाठपुरावा.

आता पत्र. चिंचवडचा एक वाणिज्य पदवीधर अर्ज करतो आहे असं समजू. त्याच्या इंग्रजी पत्राचा आशय असा: ‘मी बी.कॉम. असून गेली तीन वर्षं एका करसल्लागारांच्या कार्यालयात अकाउंट्सचं काम करतो. व्यापाऱ्यांची खरेदी-विक्रीची बिलं टॅली ईआरपी ९ मध्ये चढवतो. जीएसटीआर-१ साठी विक्रीचा तपशील तयार करून वरिष्ठांना देतो. दर महिन्याला ग्राहकांची बँक स्टेटमेंट टॅलीतल्या नोंदींशी जुळवून फरक काढतो. एमएस ऑफिसचं उत्तम ज्ञान आहे. टीडीएसचं काम शिकण्याची मनापासून इच्छा आहे. मी कष्टाळू असून संघात मिळून-मिसळून काम करतो.’

तपासणीचा नियम एकच, आणि तो कडक पाळायचा. जाहिरातीतल्या प्रत्येक ओळीसमोर पत्रातलं वाक्य जसंच्या तसं लिहायचं. वाक्य सापडलं तर ‘जुळलं’. सापडलं नाही तर जागा कोरी ठेवायची. ‘तीन वर्षं या लाइनीत आहे म्हणजे एक्सेल येतच असणार’ असला अंदाज कोऱ्या जागेत भरायचा नाही. आपण या घडीला माणूस तपासत नाही, कागद तपासतो आहोत. कारखान्याचा मॅनेजरही पत्र उघडेल तेव्हा त्याच्यासमोर कागदच असेल.

पदवी आणि अनुभव लगेच जुळतात. बँक रिकन्सिलिएशनही जुळतं, जरी पत्रात तो शब्द कुठेच नाही. स्टेटमेंट टॅलीतल्या नोंदींशी जुळवून फरक काढणं म्हणजेच ते काम. शब्द मोजणारं संकेतस्थळ मात्र इथे फसण्याची शक्यता असते, कारण त्याला जाहिरातीतला नेमका शब्द हवा असतो. म्हणून जुळलेल्या ओळीतही जाहिरातीचा शब्द एकदा वापरून घ्यावा. यात खोटं काही नाही. काम तेच आहे, नाव समोरच्याच्या ओळखीचं.

टीडीएसच्या बाबतीत असं संकेतस्थळ नेमकं उलट फसतं. पत्रात ‘टीडीएस’ ही अक्षरं आहेत, म्हणून ते जुळलं असं धरतं. वाक्य वाचणाऱ्या माणसाला दिसतं की शिकण्याची इच्छा आहे, म्हणजे काम येत नाही. ही ओळ कोरी. टक्केवारीच्या आकड्यावर विसंबणाऱ्याला हा फरक कधी कळतच नाही, आणि माझ्या मते वर्गणी न भरण्याला हे एवढं कारण पुरे आहे.

एक्सेलची ओळही कोरीच. ‘एमएस ऑफिसचं उत्तम ज्ञान’ हे वाक्य इतक्या पत्रांत असतं की ते वाचून कुणाला काही कळत नाही. जाहिरातीत दोन गोष्टींची नावं घेतली आहेत आणि पत्रात त्यांपैकी एकही नाही. ३बीचा उल्लेख नाही, म्हणून तीही ओळ कोरी.

राहिल्या तीन अर्धवट ओळी. टॅली आहे, पण जुनी: ईआरपी ९ च्या जागी टॅलीप्राइम नोव्हेंबर २०२० मध्ये आली. हिशेबाचं तत्त्व तेच, पडदा आणि वाटा वेगळ्या. जीएसटीआर-१ मध्ये तपशील तयार करणं आहे, भरणं नाही. ईमेलचं म्हणाल, तर पत्रच इंग्रजीत आहे, तेव्हा लिहिता येतं हे दिसतं; पुरवठादाराकडे पाठपुरावा केल्याचं दिसत नाही. अशा ओळींना ‘जुळलं’च्या रकान्यात ढकलायचा मोह होतो. तसं न करता काय आहे आणि काय नाही, हे दोन्ही लिहून त्या तिसऱ्या रकान्यात ठेवायच्या. ‘कष्टाळू’ आणि ‘मिळून-मिसळून’ हे वाक्य कुठल्याच ओळीसमोर बसत नाही. त्याची जागा पुढे उपयोगी पडणार आहे.

तर तीन जुळल्या, तीन अर्धवट, तीन कोऱ्या. इथपर्यंत खर्च शून्य, वेळ अर्धा-पाऊण तास.

आता कोऱ्या ओळींचं काय करायचं? बाजारातल्या पुष्कळ सेवा इथे सोपी वाट धरतात. जाहिरातीतली वाक्यं उचलून ‘मला जीएसटी रिटर्न भरण्याचा आणि टीडीएसचा सखोल अनुभव आहे’ असं लिहून देतात. टक्केवारी वर जाते, ग्राहक खूश होतो. वास्तविक ‘पत्रात नाही’ याचे दोन अगदी निराळे अर्थ असतात. एक, काम येतं पण लिहायचं राहिलं. दोन, काम येतच नाही. कागद पाहून यांतला कोणता, हे कुणालाच सांगता येत नाही. ते अर्जदाराला विचारावं लागतं, आणि स्वतःच तपासत असाल तर स्वतःला.

विचारायचं ते नेमकं विचारायचं. ‘एक्सेल येतं का?’ याला सगळेच हो म्हणतात. ‘VLOOKUP शेवटचं कधी लावलं, कोणत्या दोन याद्यांवर?’ असं विचारलं की उत्तराला आकार येतो. आपला चिंचवडचा मुलगा कदाचित सांगेल, की दर महिन्याला पोर्टलवरून जीएसटीआर-२बी उतरवून घेतो आणि बिल क्रमांकावर VLOOKUP लावून खरेदीच्या नोंदवहीशी ताडतो; कुठल्या पुरवठादाराने आपलं बिल त्याच्या रिटर्नमध्ये दाखवलंच नाही, ते त्यातून निघतं. २बी म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या माहितीवरून तयार होणारं, खरेदीवरच्या कराच्या वजावटीचं महिन्याचं विवरण. ३बी भरताना वजावटीचा आकडा यावरूनच ठरवतात. म्हणजे हा मुलगा ३बीचं सगळ्यात किचकट अर्धं काम आजच करतो आहे आणि पत्रात मात्र ‘एमएस ऑफिसचं उत्तम ज्ञान’ लिहितो आहे. मग बिल न दिसणाऱ्या पुरवठादाराला कळवतं कोण? तोच, ईमेलवर. झाली पाठपुराव्याचीही ओळ.

पिव्होट टेबल? नाही, कधी केलं नाही. ३बी पोर्टलवर भरता येतं? नाही, आकडे तयार करतो, भरतात वरिष्ठ. टीडीएस? कार्यालयात दुसरा माणूस बघतो.

या उत्तरांवरून पत्रात घालायची वाक्यं आपोआप मिळतात, आणि ती उत्तरांपेक्षा एक तसूभरही पुढे जाता कामा नयेत: ‘जीएसटीआर-१ साठी विक्रीचा तपशील आणि ३बीसाठी वजावटीचे आकडे मी तयार करतो; रिटर्न वरिष्ठ भरतात. २बी आणि खरेदीची नोंदवही एक्सेलमध्ये VLOOKUP लावून दरमहा ताडतो आणि न दिसणाऱ्या बिलांबद्दल पुरवठादारांना ईमेल करतो.’ कष्टाळूपणाचं वाक्य काढलं की एवढी जागा होते. पत्र एका पानाच्या पुढे जात नाही.

‘रिटर्न वरिष्ठ भरतात’ हे कशाला सांगायचं, असं कुणीही म्हणेल. त्याचा हिशेब पुढे आहे.

समजा, सल्ला देणाऱ्याने ‘दोन वर्षं ३बी भरतो’ असं लिहून दिलं. कारखान्यात मुलाखत घेणारा अकाउंटंट हे काम रोज करतो. तो साधंसं विचारेल, ‘टेबल ४ मध्ये काय भरता?’ ते वजावटीचं टेबल आहे. भरणाऱ्याला क्षणभरही विचार करावा लागत नाही, न भरणारा अडखळतो. या क्षेत्रात मुलाखतीच्या वेळी संगणकासमोर बसवून चार नोंदी करायला सांगण्याचीही पद्धत आहे. खोटं तिथे उघडं पडलं तर खर्च म्हणजे एक सुट्टी, येण्या-जाण्याचं भाडं आणि त्या ऑफिसातलं नाव.

मुलाखतीत निभावलं तर खर्च वाढतो. लहान कारखान्यात अकाउंट्सला एक-दोनच माणसं असतात, तेव्हा पहिल्याच महिन्यात २० तारीख त्याच्या गळ्यात पडते. ३बीला उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क लागतं आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के दराने व्याज. वजावट जास्त घेतली गेली, तर नोटीस येते ती मालकाच्या नावावर. शिवाय नेमणूकपत्रात बहुधा एक कलम असतं, की अर्जातली माहिती खोटी आढळल्यास नोकरी संपेल. कामाच्या तारखा खोट्या असतील तर त्या तपासणं आणखी सोपं. भविष्यनिर्वाह निधीचं खातं असेल तर कुठल्या आस्थापनेत कधीपासून कधीपर्यंत होतो याची नोंद त्यात असते, आणि मागचं नियुक्तीपत्र, पगाराच्या पावत्या मागण्याचा रिवाज आहेच. एवढ्या सगळ्यापुढे ‘रिटर्न वरिष्ठ भरतात’ हे तीन शब्द फार स्वस्त पडतात. त्यांचा उलटा फायदाही आहे: जो भरत नाही हे सांगतो, तो २बी खरोखरच ताडत असणार, असं वाचणाऱ्याला वाटतं.

तरीही कुणाकडून तपासून घ्यायचं असेल तर घ्यावं. इंग्रजीची खात्री नसेल, किंवा स्वतःचं काम स्वतःला किरकोळ वाटत असेल, तर दुसऱ्याने प्रश्न विचारण्याचा खरंच उपयोग होतो. लाइनीतल्या एखाद्या थोरल्या ताईने किंवा दादाने अर्धा तास दिला तर फुकटात होतं, आणि ते बहुधा अधिक चांगलं होतं, कारण टेबल ४ म्हणजे काय हे त्यांना माहीत असतं. पैसे घेणाऱ्या सेवेकडे जाताना आधी विचारायचं, की प्रत्येक कौशल्यासमोर माझ्या पत्रातलं वाक्य दाखवणार का, आणि नवीन वाक्य घालण्याआधी मला विचारणार का. पहिल्याला ‘आम्ही फायनल पत्रच देतो’ आणि दुसऱ्याला ‘ते आमच्यावर सोडा’ अशी उत्तरं आली तर तिथेच थांबावं. ‘जॉब गॅरंटी’ म्हणणाऱ्याकडे तर जाऊच नये; नोकरी देणं त्याच्या हातात नाही.

दर ठरवताना तो एका जाहिरातीपुरता आहे की पाच, दुरुस्त्या किती वेळा, आणि पत्र वर्डच्या फाइलमध्ये मिळेल की नुसतं पीडीएफ, हे लिहून घ्यावं. पीडीएफच मिळालं तर पुढच्या अर्जाला पुन्हा पैसे मोजावे लागतात. सेवा जीएसटीखाली नोंदलेली असेल तर तिच्या शुल्कावर १८ टक्के कर येतो, तेव्हा सांगितलेला आकडा करासह आहे का, हे विचारायलाच हवं. हजाराचे ११८० होतात. पावती घ्यावी. आधार किंवा पॅनची प्रत या कामाला लागत नाही, मागितली तरी देऊ नये. पैसे घेऊन काम दिलं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

आता खरोखर नसलेल्या कौशल्यांचा खर्च. आपल्या नमुन्यात त्या चार गोष्टी आहेत: टॅलीप्राइमचा सराव, पिव्होट टेबल, ३बी प्रत्यक्ष भरणं आणि टीडीएस. सगळ्यांसाठी मिळून एकच महागडा कोर्स घ्यायची गरज नाही. टॅलीप्राइम शैक्षणिक मोडमध्ये परवान्याशिवाय चालवता येते. त्यात महिन्यातल्या मोजक्या तारखांच्याच नोंदी होतात, पण ईआरपी ९ जाणणाऱ्याला नवा पडदा ओळखीचा व्हायला तेवढं पुरतं. त्यानंतर पत्रात ‘ईआरपी ९ वर तीन वर्षं काम, टॅलीप्राइमचा सराव घरी करतो आहे’ असं खरं वाक्य लिहिता येतं. सराव सुरू करण्याआधी ते लिहू नये, एवढंच. पिव्होट टेबल रविवारच्या एका दुपारचं काम आहे. एक्सेल विकत घ्यायचं नसेल तर लिबरऑफिस कॅल्क फुकट मिळतं आणि त्यात ते आहे. आपल्याच कामातली, पण ग्राहकांची नावं काढून टाकलेली खरेदीची यादी घ्यावी आणि पुरवठादारवार, महिनावार बेरीज काढून पाहावी. ३बी भरणं फक्त प्रत्यक्ष कामावरच शिकता येतं. वरिष्ठांना विचारून पुढच्या २० तारखेआधी शेजारी बसायला मिळालं, तर दोन-तीन महिन्यांत ही ओळ बदलते, आणि खर्च काहीच नाही.

टीडीएस तेवढं बाहेर शिकावं लागेल. खासगी वर्गांची फी शहरागणिक बदलते, पण काही हजार रुपये धरून चालावं. फी भरण्याआधी त्या वर्गात नुसते दर पाठ करून घेतात की काम करून घेतात, हे विचारावं. ठेकेदाराच्या बिलातून कर कापणं, पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत तो भरणं आणि तिमाहीचं विवरणपत्र तयार करणं हा पूर्ण फेरा स्वतःच्या हाताने केला, तरच पत्रात एक वाक्य मिळतं.

त्यासाठी हा अर्ज थांबवायचा का? मी थांबवणार नाही. नऊपैकी टीडीएसचीच ओळ आता पूर्ण कोरी आहे, बाकीच्यांवर जुळलेलं किंवा अर्धं का होईना, खरं वाक्य आहे. टीडीएसबद्दल पत्रात काहीच लिहू नये, किंवा वर्गाला नाव घातलंच असेल तर तसं आणि कधीपासून ते लिहावं. अर्ज आज पाठवावा आणि तीन रकान्यांचा कागद जपून ठेवावा. मुलाखतीत विचारतील ते तिसऱ्या रकान्यातलंच, आणि पुढच्या जाहिरातीसाठी तोच कागद पंधरा मिनिटांत पुन्हा कामाला येतो.